वजन अडीच किलोच्या वर, पण बाळ वाळकं: एका मोजमापाची पूर्ण केस

ही केस एका तालुक्याच्या ठिकाणच्या हॉस्पिटलमधली आहे, ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत किंवा काढून टाकलेत. मी तिथे बालरोगतज्ज्ञ म्हणून बघत होते. लिहायचं कारण एवढंच की पॉन्डरल इंडेक्स, म्हणजे बाळ लांबीच्या मानाने किती भरलेलं आहे ते सांगणारा आकडा, आपण सगळे परीक्षेपुरता पाठ करतो, लहान बाळाचा 2 च्या खाली आला तर असिमेट्रिक म्हणजे लांबीच्या मानाने वाळकं आणि 2 च्या वर आला तर सिमेट्रिक म्हणजे सगळ्याच मापांत प्रमाणात लहान, आणि मग वॉर्डात कुणी तो काढतच नाही, किंवा काढतो तर ज्या लांबीवर काढतो ती लांबीच चुकीची असते. इथे नेमकं तेच झालं होतं.

## पार्श्वभूमी

आई 24 वर्षांची, पहिलं बाळंतपण. उंची 148 सेंमी, गरोदर राहिली तेव्हा वजन 43 किलो, म्हणजे अंगाने बारीकच. सुरुवातीची सोनोग्राफी वेळेत झालेली त्यामुळे तारखेबद्दल शंका नव्हती, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे कारण आठवडेच चुकले तर पर्सेंटाइलला काही अर्थ उरत नाही. सहाव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक. आठव्या महिन्यात बीपी थोडं वर गेलं, 140/90 च्या आसपास, लघवीत प्रोटीन नाही. त्याच सुमाराच्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर आठवड्यांच्या मानाने मागे होता पण डोकं आणि मांडीचं हाड बरोबर होतं. रिपोर्टच्या शेवटी 2 आठवड्यांनी परत या आणि डॉप्लर, म्हणजे बाळाकडे जाणारा रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, करा असं लिहिलेलं, पण मधे घरी लग्न होतं, गाडीची सोय नव्हती, ते राहून गेलं.

40 आठवडे पूर्ण झाल्यावर पहाटे नॉर्मल डिलिव्हरी झाली. मुलगा. लगेच रडला, ऑक्सिजन वगैरे काही लागलं नाही. केसपेपरवर नोंद अशी होती: वजन 2560 ग्रॅम, लांबी 48 सेंमी, डोक्याचा घेर 34 सेंमी, आणि शेरा, "नॉर्मल, आईजवळ दिलं."

## अडचण काय होती

मी राउंडला गेले तेव्हा बाळ दीड तासाचं होतं. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, वजन अडीचच्या वर आहे, काही प्रॉब्लेम नाही." त्यांचं म्हणणं नियमाला धरूनच होतं, आपल्याकडे 2500 ग्रॅमच्या खाली कमी वजनाचं बाळ आणि वर ठीक अशी सवय सगळ्यांना लागलेली आहे. पण बाजूला बसलेली आजी वेगळंच सांगत होती. "डॉक्टरीणबाई, लेकरू लांबडं झालंय, पण अंगावर मांसच न्हाई बघा, मांड्या कशा लोंबत्यात."

मी बाळ उघडून बघितलं. आजीचं बरोबर होतं. मांड्यांची आणि ढुंगणाची कातडी सैल, चिमटीत धरली तर घडी पडत होती, बरगड्या दिसत होत्या, गालावर चरबी नाही, आणि त्या अंगाच्या मानाने डोकं मोठं वाटत होतं. डोळे टक्क उघडे. अशी बाळं खूप सावध दिसतात आणि त्यामुळे लोक फसतात, छान अॅक्टिव्ह आहे म्हणतात. काखेतलं तापमान 36.2 निघालं, म्हणजे बाळ थोडं गार पडायला लागलं होतं.

आता डोळ्यांना जे दिसत होतं आणि कागदावर जे होतं ते जुळत नव्हतं. पॉन्डरल इंडेक्सचं गणित सोपं आहे, ग्रॅममधलं वजन गुणिले 100, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन. कागदावरच्या आकड्यांनी केलं तर 48 चा घन 110592, आणि 256000 भागिले 110592 म्हणजे 2.31. 2 च्या बराच वर. म्हणजे कागद म्हणत होता की बाळ लहान आहे पण प्रमाणात लहान आहे, जेवढं बुटकं तेवढं हलकं. आणि आई स्वतः 148 सेंमीची. एकदम पटेल अशी गोष्ट तयार होत होती, छोट्या आईचं छोटं बाळ, घरी पाठवा.

## आधी पर्सेंटाइल

मी पहिल्यांदा वजन चार्टवर टाकलं. आम्ही इंटरग्रोथ-21 चे चार्ट वापरतो. 40 आठवड्यांच्या मुलासाठी त्यात मधली रेषा साधारण 3.4 किलोला आहे आणि 10 वं पर्सेंटाइल साधारण 2.9 किलोला. 10 वं पर्सेंटाइल म्हणजे तितक्याच आठवड्यांच्या 100 निरोगी मुलग्यांमधली साधारण 10 मुलं त्याहून हलकी असतात. आपलं बाळ 2.56, म्हणजे 10 च्या तर बरंच खाली, 3 च्या रेषेजवळ. अडीच किलोची रेघ इथे काहीच कामाची नाही कारण ती आठवडे बघतच नाही, 2560 ग्रॅमचं 36 आठवड्यांचं बाळ मध्याच्या आसपास असेल आणि 2560 चं 40 आठवड्यांचं बाळ तळाशी, आकडा तोच.

इथे आमच्या एका सहकारी डॉक्टरांनी एक मुद्दा काढला जो मी खूप वेळा ऐकलाय, की हे चार्ट बाहेरचे, आपली बाळं लहानच असतात, या चार्टवर अर्धा वॉर्ड खाली दिसेल. मुद्दा पूर्ण चुकीचा नाही, आपल्याकडे खूप बाळं खरंच खाली येतात. पण हे चार्ट बाहेरचे म्हणणं बरोबर नाही. 2014 ला हे स्टँडर्ड आलं त्यात जगातली 8 ठिकाणं होती आणि त्यातलं एक आपलं नागपूर आहे, मस्कत, नैरोबी, ऑक्सफर्ड, तुरिन यांच्या बरोबरीने. फक्त तिथे आया निवडताना तब्येत चांगली, खाणं पुरेसं, मोठा आजार नाही अशा निवडल्या होत्या. म्हणजे तो चार्ट पोषण नीट असेल तर बाळ किती वाढतं ते सांगतो, आणि आपली बाळं खाली येतात यात चार्टची चूक शोधण्याआधी आईच्या खाण्याकडे आणि बीपीकडे बघायला हवं.

तरी सहकाऱ्यांच्या बोलण्यात एक खरा प्रश्न होताच आणि तो पर्सेंटाइलने सुटत नाही. 3 ऱ्या पर्सेंटाइलचं बाळ मुळातच लहान असू शकतं, घराण्याने लहान, आणि पूर्ण निरोगी. किंवा ते 3.2 किलोचं व्हायचं होतं पण शेवटचे 6-8 आठवडे त्याला वारेतून पुरलंच नाही. वजनाचा आकडा दोघांचा सारखाच. फरक शरीराच्या प्रमाणात दिसतो. मुळात लहान असलेलं बाळ डोकं, लांबी, वजन तिन्हीत लहान असायला हवं. आणि उशिरा उपाशी राहिलेल्या बाळात आधी चरबी आणि लिव्हरमधला साठा जातो, मग स्नायू, लांबी बऱ्यापैकी टिकते आणि मेंदूकडे रक्त वळवलं जातं म्हणून डोकं सगळ्यात शेवटी मागे पडतं.

आता या बाळाचं डोकं 34 सेंमी, अगदी मधल्या रेषेच्या आसपास. वजन 3 ऱ्या पर्सेंटाइलजवळ. आणि लांबी 48 म्हणजे खालच्या बाजूला. डोकं एक गोष्ट सांगतंय, लांबी दुसरी. तेव्हा तिन्हीतला सगळ्यात कमी भरवशाचा आकडा कुठला हे स्वतःला विचारायचं. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर झालेलं. डोकं टेपने, पण डोकं हलत नाही. लांबी कशी घेतली विचारलं तर कळलं की डिलिव्हरी टेबलवर, बाळ कुशीवर असताना, कापडी टेपने. गुडघे वाकलेले.

## कुठले पर्याय होते

त्या क्षणी आमच्यासमोर साधारण चार वाटा होत्या आणि त्यावर खरंच बोलणं झालं.

पहिली म्हणजे बाळ चांगलं दिसतंय, दूध ओढतंय, आईजवळ राहू दे, काही करू नका. वॉर्ड भरलेला असताना ही वाट खूप ओढते.

दुसरी म्हणजे नवजात शिशु कक्षात हलवून सलाइन लावून टाकायचं. सुरक्षित वाटतं, पण आई आणि बाळ वेगळे होतात, अंगावरचं दूध यायला उशीर होतो, आणि गार पडलेल्या बाळाला आईच्या छातीइतकी चांगली जागा नसते.

तिसरी सहकाऱ्यांनी सुचवलेली. 2.31 इंडेक्स म्हणजे सिमेट्रिक, मग सुरुवातीच्या महिन्यांतलं इन्फेक्शन किंवा क्रोमोसोमचा काही दोष आहे का बघायला टॉर्च वगैरे तपासण्या पाठवा. कागदावरची लांबी खरी धरली तर हे अगदीच तर्काला सोडून नव्हतं, पण त्या घरासाठी हजारोंचा खर्च आणि आठवडाभराची भीती.

चौथी, वजनाच्या पर्सेंटाइलवरूनच बाळ जोखमीचं धरायचं, आईजवळच ठेवून शुगर बघत राहायची, आणि लांबी परत नीट मोजायची. आम्ही ही धरली. इथे एक गोष्ट नीट सांगते. शुगर तपासायला पॉन्डरल इंडेक्सची वाट बघायची नसते. वजन 10 व्या पर्सेंटाइलच्या खाली आलं की तपासायचीच, इंडेक्स 1.9 असो की 2.5. इंडेक्स नॉर्मल आला म्हणून शुगर न बघणं ही सगळ्यात धोकादायक चूक आहे, कारण सिमेट्रिक लहान बाळाचीही शुगर पडते.

## काय केलं

आधी बाळ आईच्या छातीवर कातडीला कातडी लावून ठेवलं, वरून शाल, डोक्यावर टोपी. अर्ध्या पाऊण तासात तापमान 36.7 वर आलं.

मग 2 तासांची शुगर. 37 निघाली. आमच्याकडे 45 च्या खाली गेली की काहीतरी करायचं अशी रेघ आहे. बाळाला थरथर नाही, सुस्ती नाही, ओढतंय, म्हणून सलाइन नाही. चीक हाताने काढला, जेमतेम 5-6 मिली निघाला, तो पलाडीने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने, पाजला आणि मग अंगावर घेतलं. तासाभराने 49.

या मधल्या वेळात लांबी. इन्फँटोमीटर होता, कपाटात, वर खोके ठेवलेले. दोन माणसं लागतात आणि एकट्याने करायचंच नाही. सिस्टरनी डोकं फळीला टेकवून सरळ धरलं, नजर वर छताकडे, मी एका हाताने दोन्ही गुडघे हलके दाबून पाय सरळ केले आणि सरकती फळी तळव्यांना काटकोनात टेकवली. बाळ रडलं, सोडून दिलं, परत घेतलं. पहिल्यांदा 50.4 आणि दुसऱ्यांदा 50.6. सरासरी 50.5 धरली.

आता परत गणित. 50.5 चा घन साधारण 128788, आणि 256000 भागिले तेवढे म्हणजे 1.99. बाळ तेच, वजन तेच, अडीच सेंटिमीटरने 2.31 चं 1.99 झालं. लांबीचा घन होतो म्हणून हे असं होतं. 50 सेंमीच्या आसपास लांबीत 1 सेंमीची चूक झाली तर इंडेक्स साधारण 6 टक्क्यांनी हलतो, आणि वजनात 50 ग्रॅमची चूक झाली तर जेमतेम 2 टक्क्यांनी. आणि टेपची चूक बहुतेक वेळा एकाच बाजूला होते, वाकलेल्या पायांमुळे लांबी कमीच भरते, म्हणून इंडेक्स खोटा जास्त येतो आणि वाळकं बाळ प्रमाणशीर दिसतं. उलट डोक्यावर मोठी सूज असेल किंवा डोकं लांबट झालं असेल तर लांबी जास्त भरते आणि इंडेक्स खोटा कमी येतो, अशा वेळी दुसऱ्या दिवशी परत मोजावं.

1.99 हे 2 च्या खाली आहे म्हणून निर्णय झाला असं मात्र नाही. 2.03 आलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं. लांबी मधल्या रेषेच्या किंचित वर, डोकं मधल्या रेषेजवळ, वजन तळाशी, मांड्यांची कातडी सैल, आठव्या महिन्यात पोटाचा घेर मागे आणि बीपी वर, हे सगळं एकाच दिशेने जात होतं. आई बारीक होती पण बाळाची हाडं बारीक नव्हती, त्याला भरायलाच मिळालं नव्हतं. टॉर्च तपासण्या रद्द केल्या.

अजून एक छोटा गोंधळ झाला तो सांगते कारण तो इतरांचाही होतो. इंटर्नने मोबाइलवर काढलं तर 19.9 आलं आणि तो घाबरला. ते किलो प्रति घनमीटर होतं, 1.99 च्या 10 पट, काही वेगळं नाही. पेपरांमध्ये दोन्ही पद्धती सापडतात, म्हणून आकड्याबरोबर एकक लिहायचं.

6 तासांची शुगर परत 41. मधे बाळ झोपलं होतं, सगळ्यांनी झोपू दिलं, साडेतीन तास पोटात काही नाही. निरोगी जाड बाळ हे सहज निभावून नेतं कारण लिव्हरमध्ये साठा असतो आणि चरबी असते, या बाळाकडे दोन्ही नव्हतं. आईचा चीक अजून कमी होता, दात्याच्या दुधाची सोय आमच्याकडे नाही, म्हणून एकदाच 15 मिली फॉर्म्युला पलाडीने दिला, घरच्यांना सांगून की हे औषध म्हणून एकदाच आहे, बाटली आणायची नाही. तासाभराने 58. तिथून पुढे दर 2 तासांनी पाजायचं, झोपलं असेल तर उठवून. 12 तासांना 56, 24 तासांना 61, 48 तासांना 66. रक्त घट्ट झालंय का तेही बघितलं, पोटात ऑक्सिजन कमी मिळालेल्या बाळात लाल पेशी वाढतात, शिरेतलं हिमॅटोक्रिट 63 आलं, 65 च्या आत, म्हणून काही केलं नाही.

## निकाल

सलाइन लागलं नाही. बाळ एकदाही आईपासून वेगळं करावं लागलं नाही. चौथ्या दिवशी घरी गेलं, वजनात थोडी घट झाली होती पण ते परत वाढायला लागलं होतं, दूध चांगलं उतरलं होतं. सहा आठवड्यांनी आले तेव्हा वजन साधारण 3.9 किलो आणि मांड्यांवर वळ्या. आजी खूश होती आणि लगेच विचारलं की आता गुटगुटीत व्हायला वरचं दूध सुरू करू का.

नाही म्हटलं, आणि याचं कारण पुण्यातल्या कामात आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीत, 2003 ला छापून आलेलं, पुण्याजवळच्या गावांतली बाळं आणि इंग्लंडमधली बाळं यांची मापं शेजारी ठेवली होती. आपली बाळं सरासरी 2.7 किलो, तिकडची 3.5. पॉन्डरल इंडेक्स आपला सरासरी 24.1 किलो प्रति घनमीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या पद्धतीने 2.41, तिकडचा 2.82. पण वजन इतकं कमी असूनही पाठीवरच्या कातडीच्या घडीची जाडी, म्हणजे त्वचेखालची चरबी, त्या मानाने बरीच टिकलेली. बारीक पण चरबीवालं बाळ. म्हणजे इंडेक्स वाळकं म्हणतो तेव्हा काय कमी आहे, स्नायू की चरबी, हे तो सांगत नाही. आणि अशा बाळाला पहिल्या महिन्यांत वरचं कोंबून भराभर जाड केलं तर जी भर पडते ती बरीचशी चरबीची असते. अंगावरचं दूध आणि चार्टवरची रेषा, एवढंच सांगितलं. सहा आठवड्यांनंतर पॉन्डरल इंडेक्सही काढला नाही, तिथून पुढे डब्ल्यूएचओचे वाढीचे चार्ट.

## काय वेगळं करता आलं असतं

आठव्या महिन्यातला डॉप्लर. पोटाचा घेर मागे पडलाय हे दिसलं होतं, तेव्हा फोन करून बोलावलं असतं तर हे बाळ कदाचित आधी जन्माला घातलं असतं, निदान जन्माच्या वेळी आम्ही तयार असतो. असं बाळ पोटातच जाऊ शकतं, त्यामुळे इथे जे निभावलं त्यात नशिबाचा भाग आहे.

वार तशीच टाकून दिली गेली. वजन करून, दोन्ही बाजूंनी बघून, कडक पांढरट भाग आहेत का ते लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि पुढच्या गरोदरपणात त्या नोंदीचा उपयोग झाला असता.

पहिली दीड तासाची जी ढिलाई झाली ती फॉर्ममुळे. फॉर्मवर वजनाच्या पुढे आठवड्यांप्रमाणे पर्सेंटाइलची जागाच नव्हती, त्यामुळे अडीच किलोची रेघ हीच एक चाळणी उरली. बाळ गार पडायला लागलं ते याच वेळात.

आणि एक केस मी अजून मनात धरून आहे, जी आम्ही कदाचित सोडून दिली असती. समजा हेच बाळ 2950 ग्रॅम आणि 53 सेंमी असतं. वजन 10 व्या पर्सेंटाइलच्या किंचित वर, म्हणजे चाळणीतून सुटलं, पण इंडेक्स 1.98. मोठं व्हायचं होतं आणि शेवटी उपाशी राहिलं. पर्सेंटाइल अशा बाळाला पकडत नाही, तिथे पॉन्डरल इंडेक्स खरंच कामाला येतो, अर्थात लांबी नीट घेतली असेल तरच. मुदतीआधीच्या बाळांना मात्र ही 2 ची रेघ लावायची नाही, ती स्वभावतःच बारीक असतात, त्यांचा इंडेक्स कमीच असतो आणि तो आठवड्यांप्रमाणे बघावा लागतो.

आता आमच्याकडे डिलिव्हरी टेबलवर लांबी घेत नाहीत. बाळ स्थिर झाल्यावर, पहिल्या 24 तासांत, इन्फँटोमीटरवर दोघांनी मिळून, दोनदा, आणि दोन मापांत अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. फॉर्मवर वजनाशेजारी पर्सेंटाइल लिहायची चौकट आहे आणि लांबीपुढे ती कशाने घेतली ते लिहायचं. टेपने घेतली असेल तर इंडेक्सची चौकट रिकामी सोडायची.